सनद निलंबित झाल्यावर अपील: खुलासा

“बार कौन्सिलने सनद निलंबित केली तर थेट हायकोर्टात अपील टाका, टाकलं की निलंबन थांबतं.”

दोन्ही गोष्टी चूक. राज्य बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीच्या आदेशावर अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, 1961च्या कलम 37 खाली अपील जातं ते बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे, आणि तिथून कलम 38 खाली थेट सुप्रीम कोर्टात. दोन्ही टप्प्यांना मुदत 60 दिवसांची.

ही मुदत आदेशाच्या तारखेपासून नव्हे, तो कळवल्यापासून मोजायची. समजा, आदेश 3 मार्चचा आहे आणि टपालाने 10 मार्चला हाती पडला. तर मुदत 9 मेपर्यंत. म्हणून पाकीट फेकू नका, तारखेचा वाद निघाला की तेच कामी येतं.

नुसत्या अपिलाने निलंबन थांबत नाही, कलम 40 तसं स्पष्टच सांगतं. स्थगितीचा अर्ज वेगळा करावा लागतो, पुरेसं कारण दाखवून. अनेकांच्या लक्षात येत नाही ते असं, की अपिलाची मुदत संपायच्या आत हा अर्ज आदेश देणाऱ्या समितीकडेच करता येतो. स्थगिती मिळेपर्यंत मात्र वकीलपत्र घेऊन कुठल्याही कोर्टात उभं राहता येत नाही, अगदी तारीख मागायलासुद्धा.