एक्झिट इंटरव्ह्यूचं शेवटचं वाक्य आणि निरोपाचा मेल

«एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये शेवटी मनातलं सगळं बोलून मोकळे व्हा, त्यातलं कागदावर काही राहत नाही. निरोपाच्या मेलमध्ये मात्र गोड लिहा, तो नुसता उपचार असतो. आणि रिलिव्हिंग लेटर हातात पडलं की कंपनीशी संबंध संपला.»

नोकरी सोडणाऱ्याला असा सल्ला दिला जातो, पण कागदावर राहतं. मी एचआरमध्ये काम करते. समोरची व्यक्ती बोलत असते तेव्हा मी एचआरएमएसमधला फॉर्म भरत असते. त्यात नोकरी सोडण्याचं कारण यादीतून निवडायचं असतं, मग मॅनेजर, पगार, कामाच्या वेळा यांचे रकाने आणि तळाशी शेऱ्याची मोकळी जागा. ‘अजून काही सांगायचंय?’ या प्रश्नाचं उत्तर त्या मोकळ्या जागेत जातं, तेही माझ्या शब्दांत. खरी अडचण इथेच येते. अर्धा तास मुद्देसूद बोललेली व्यक्ती उठता उठता म्हणते, ‘तो माणूस लीड व्हायच्या लायकीचाच नाही.’ वर पाठवलेला सारांश वाचणाऱ्याच्या डोक्यात मग तेवढंच वाक्य राहतं आणि आधीच्या सगळ्या रास्त मुद्द्यांवर ‘वैयक्तिक राग’ असा शिक्का बसतो.

मेलचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हिंजवडीतल्या एखाद्या टेस्टरचं उदाहरण घेऊ. अमेरिकेतल्या क्लायंटचे कॉल रोज रात्री साडेदहाच्या पुढे जातात, म्हणून ती नोकरी सोडते. राजीनाम्यात ती ‘वैयक्तिक कारण’ लिहिते. मुलाखतीत कॉलबद्दल चिडून बोलते. मेलमध्ये लिहिते, ‘घरच्या जबाबदारीमुळे जड मनाने निघत आहे, इथला प्रत्येक क्षण आनंदाचा होता.’ मॅनेजरपुढे हे तिन्ही कागद येतात आणि तो अगदी सहज म्हणतो, ‘इतकी खूश होती, कॉलचा खरंच त्रास असता तर असं लिहिलं असतं का?’ तक्रार तिथेच निकालात निघते. मागे राहिलेल्या टेस्टरांचे रात्रीचे कॉल तसेच चालू राहतात, आणि याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं.

तिने मुलाखतीचा शेवट असा करायला हवा होता: ‘कॉलची वेळ बदलून मिळावी म्हणून मी दोनदा मेल केला होता. माझ्या जाण्याचं मुख्य कारण तेच आहे. टीमबद्दल माझी तक्रार नाही. ऑटोमेशन मी इथेच शिकले, त्याबद्दल आभारी आहे.’ आणि मेल असा:

‘नमस्कार, आज माझा इथला शेवटचा दिवस. दिवसाच्या वेळेत काम करता येईल अशी नोकरी मी स्वीकारली आहे. ऑटोमेशन मला या टीमने शिकवलं आणि रिलीजच्या रात्री तुम्ही सोबत थांबलात, हे लक्षात राहील. माझं काम आणि कागदपत्रं लीडकडे सोपवली आहेत. माझा वैयक्तिक मेल आयडी खाली आहे.’

दोन्हीकडे कारण एकच आहे आणि आभारही एकाच गोष्टीचे आहेत. मेलमध्ये तक्रार गाळली आहे, पण तिला खोटं पाडणारा एकही शब्द नाही. राजीनाम्यातही हेच कारण लिहिलं असतं तर प्रश्नच उरला नसता. मेल पाठवण्याआधी मुलाखतीत काय बोललात ते आठवा आणि मॅनेजरने दोन्ही शेजारी ठेवून वाचलं तर कुठे अडखळेल ते पाहा. मेल दुपारीच पाठवा, कारण संध्याकाळी लॉगिन बंद झालेलं असू शकतं. क्लायंटला कॉपी करायची असेल तर आधी मॅनेजरला विचारा.

संबंध संपण्याबद्दल थोडक्यात. पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख एरवी कंपनीच भरते. पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटी ३० दिवसांत मिळायला हवी. हे हक्क आहेत, ते गोड बोलण्यावर अवलंबून नाहीत. पण नव्या कंपनीची पडताळणी येते तेव्हा जुन्या कंपनीला नोकरीच्या तारखा आणि पद विचारलं जातं, बऱ्याचदा सोडण्याचं कारण आणि ‘पुन्हा घ्याल का?’ हेसुद्धा. उत्तर देणारा त्याच फाइलवरून देतो. नव्या ठिकाणी तुम्ही वेगळंच कारण लिहिलं असेल तर खुलासा तुम्हालाच करावा लागतो.

हे सगळं कामाच्या तक्रारींपुरतं. लैंगिक छळ झाला असेल तर तो मुलाखतीच्या शेवटी तोंडी सांगून भागत नाही. २०१३च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. अशा वेळी निरोपाच्या मेलमध्ये कोणाचे आभार मानायची गरज नाही. शेवटची तारीख, काम कोणाकडे सोपवलं आणि संपर्क, एवढं पुरे.