विभागप्रमुखांची पडताळणी

माझं मराठी बरं आहे अशी कुणीतरी ऑफिसात आवई उठवली आणि साहेबांनी एक परिपत्रक पुढ्यात टाकलं. "जरा सोपं करून द्या, लोकांना कळत नाही म्हणतात." त्यात वाक्य एकच होतं:

"ओळखपत्रांच्या नूतनीकरणाच्या अनुषंगाने कागदपत्रांची पूर्तता व विभागप्रमुखांची पडताळणी झाल्यानंतर वितरणाची कार्यवाही विहित मुदतीत करण्यात यावी."

वाक्यात सगळं आपोआप होत होतं. करणारं कुणीच नव्हतं.

मी पेन्सिल घेऊन नामांखाली रेघा मारल्या आणि एकेकाला पिळायला बसलो. पूर्ततेतून 'देणं' निघालं, पडताळणीतून 'पडताळणं', वितरणातून 'वाटणं'. कार्यवाही कितीही पिळली तरी कोरडीच. ती काढून टाकली; वाक्याला कळलंही नाही. त्याच भरात मी 'ओळखपत्रा'चंही 'ओळखायचं पत्र' करून बसलो होतो. पण ते वस्तूचं नाव, त्यात लपलेलं काम नाही. मुकाट्यानं खोडलं.

क्रियापदाची खोड अशी, की ते बाहेर आलं की लगेच विचारतं, "कोणी?" पडताळणार कोण? 'विभागप्रमुखांची पडताळणी' यातला 'ची' दोन्ही डगरींवर हात ठेवून असतो: प्रमुख पडताळणार की प्रमुखांना पडताळणार, हे तो शेवटपर्यंत सांगत नाही. आमच्या एका इमानी लिपिकानं दुसरा अर्थ घेतला होता आणि तो आठवडाभर प्रमुखांकडेच जन्मदाखला मागत होता. मी 'विभागप्रमुखांनी पडताळावी' असं लिहिलं. एका 'नी'नं प्रमुख सुटले.

'वाटणं' मात्र अडलं. मूळ वाक्यात वाटणाराच नव्हता, आणि मनानं कुणाला बसवणं म्हणजे नवा हुकूम काढणं. म्हणून विचारत फिरलो. आस्थापना शाखा म्हणाली, "आम्ही छापतो, वाटत नाही." आवक-जावक म्हणाली, "आम्ही बाहेरचं वाटतो, आतलं नाही." विहित मुदत कुठे विहित केली आहे, हे तर कुणालाच सापडेना. शेवटी दोन्ही प्रश्न साहेबांपुढे ठेवले. ते वैतागून म्हणाले, "अहो, म्हणून तर 'करण्यात यावी' लिहिलं होतं!" मग तारखा दिल्या आणि वाटपाचं काम त्यांच्याच कक्षाचं निघालं.

शेवटी मसुदा असा झाला:

"कर्मचाऱ्यांनी अर्ज आणि २ फोटो १० तारखेपर्यंत विभागप्रमुखांकडे द्यावेत. विभागप्रमुखांनी अर्ज पडताळून १५ तारखेपर्यंत आस्थापना शाखेकडे पाठवावेत. शाखेने ओळखपत्रं छापून २२ तारखेपर्यंत साहेबांच्या कक्षात द्यावीत. कक्षाने ती २५ तारखेपर्यंत वाटावीत."

एका वाक्याची चार झाली. पण प्रत्येकाला आपापलं वाक्य मिळालं.

साहेबांनी दोनदा वाचलं. "छान! आता कसं स्वच्छ कळतंय," म्हणाले आणि माझीच पेन्सिल घेऊन शेवटचं वाक्य खोडलं. वर बारीक अक्षरात लिहिलं: 'तद्नंतर वितरण करण्यात येईल.'