बाथरूमचं कपाट आणि स्ट्रिपवरची तारीख

"पावसाळ्यात औषधं बाथरूममध्ये ठेवू नका, हा तुमचा लेख उगाच भीती घालणारा वाटला. आमची औषधं वर्षानुवर्षं बाथरूमच्या आरशामागच्या कपाटात असतात, कुणाला काही झालेलं नाही. कंपनी तपासूनच एक्सपायरी छापते आणि गोळ्या स्ट्रिपमध्ये बंद असतात. मग पुण्याचा पाऊस आत शिरणार कुठून?"
– एक वाचक, वारजे

नमस्कार. बंद स्ट्रिपचं म्हणणं काही अंशी बरोबर आहे. दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असेल तर आत ओलावा जवळजवळ शिरत नाही. पण ज्या स्ट्रिपमध्ये गोळी साध्या पारदर्शक प्लॅस्टिकमधून दिसते, त्या प्लॅस्टिकमधून वाफ सावकाश का होईना, आत जाते. आणि छापलेली तारीख ही मूळ बंद पॅकिंगची असते, तीही त्यावर लिहिल्याप्रमाणे कोरड्या, थंड जागी ठेवलं तर. गोळी फोडून डबीत टाकली की त्या तारखेवर विसंबता येत नाही.

आपल्याकडे नेमकं हेच होतं. मी फार्मासिस्ट आहे, दुकानात येणाऱ्या घरांमधून हे नेहमी दिसतं. वयस्कर माणसांच्या बोटांना स्ट्रिप फोडायला जड जाते, म्हणून सून किंवा मुलगा महिनाभराच्या गोळ्या एकदमच काढून प्लॅस्टिकच्या डबीत भरून ठेवतो. हेतू चांगलाच असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात सकाळची आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते. त्यात गीझरच्या गरम पाण्याने अंघोळ झाली की आरशावर पाणी धरतं, म्हणजे तिथली हवा वाफेने भरून गेलेली असते. ती वाफ आरशामागच्या कपाटातही जाते, आणि खिडकी बंद असेल तर तासन् तास तिथेच राहते.

अशीच एक डबी एका ताईंनी दुकानात आणली होती. सासऱ्यांना हृदयविकारासाठी रोज ॲस्पिरिन 75 मिलिग्रॅम सुरू होती. झाकण उघडताच व्हिनेगरचा वास आला. तो वास म्हणजे औषध मोडल्याची खूण आहे. ॲस्पिरिन पाण्याशी संयोग पावली की तिचं सॅलिसिलिक ॲसिड आणि ॲसेटिक ॲसिड होतं, आणि ॲसेटिक ॲसिड म्हणजेच व्हिनेगरचा आंबट घटक. रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटू न देण्याचं काम ॲस्पिरिन करते ते तिच्यातल्या ॲसेटिल या भागामुळे, आणि नेमका तोच सुटून गेलेला असतो. उरलेलं सॅलिसिलिक ॲसिड पोटाला त्रास देऊ शकतं, पण गुठळी रोखण्याचं काम तसं करत नाही. "कुणाला काही झालेलं नाही" यावर मी विसंबत नाही ते यासाठीच. या गोळीचा परिणाम रोज जाणवत नाही, त्यामुळे तो कमी झाला तरी कळत नाही.

कॅप्सूलचं वेगळं असतं. तिचं कवच जिलेटिनचं, आणि त्यात स्वतःचंच तेरा ते सोळा टक्के पाणी असतं. हवा दमट झाली की ते आणखी पाणी ओढतं, मऊ पडतं आणि कॅप्सूल एकमेकींना चिकटतात. म्हणून काही जण त्या फ्रीजमध्ये ठेवतात. लेबलवर तसं लिहिलेलं नसेल तर हे करू नका. पावसाळ्यात थंड बाटली बाहेर काढून उघडली की आतच दव धरतं.

गोळी हातात घेतल्यावर फुगलेली, चिरा गेलेली किंवा भुसभुशीत वाटली, रंगाचे डाग दिसले, आवरण चिकट झालं, तर ती घेऊ नका. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या तर ओलाव्याने पिवळट-तपकिरी होतात. त्यांचं ॲल्युमिनियमचं पाकीट डोस घ्यायच्या वेळीच फाडायचं.

पण काही गोळ्या काहीच दाखवत नाहीत, आणि मला जास्त काळजी त्यांची वाटते. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन आपल्याकडे बहुधा बाटलीत मिळते. डोस मायक्रोग्रॅममध्ये, औषध उष्णता, उजेड आणि ओलाव्याला हळवं. ताकद घटली तरी गोळी पांढरीशुभ्र राहू शकते. डोस तोच, गोळी चुकलेली नाही, तरी टीएसएच वाढला, तर बाटली कुठे ठेवता हे डॉक्टरांना सांगा. तिच्यातली सिलिका जेलची पुडी काढून टाकू नका, झाकण लगेच घट्ट लावा.

तुमच्या घरी बेडरूमच्या कपाटातला मधला कप्पा पुरेसा आहे. गॅसजवळचा आणि फ्रीजच्या वरचा नको, तिथे ऊब असते. आठवड्याची डबी वापरायची असेल तर एका आठवड्यापुरतीच भरा. काही औषधं मूळ बाटलीतच ठेवावी लागतात, म्हणून भरण्याआधी फार्मासिस्टना विचारा. आणि एक विनंती: गोळीवर शंका आली म्हणून हृदयाची किंवा बीपीची गोळी बंद करू नका. त्याच दिवशी नवी स्ट्रिप आणा आणि डोस वेळेवर घ्या.