लेटर आलंय, तारीख नाही

नाशिकमध्ये गंगापूर रोडवरचा आमचा कट्टा म्हणजे एका बंद दुकानाच्या दोन पायऱ्या आणि समोर चहाची टपरी. रविवारी संध्याकाळी पाऊस उघडला की मी, सागर आणि केतकी तिथे असतोच. सागर अंबडला पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात आहे, केतकी सातपूरच्या एका कंपनीत एचआर बघते आणि मी आयटीत. गेल्या रविवारी सागरचा मावसभाऊ प्रणव आला. इंजिनीअरिंगच्या ई अँड टीसी शाखेची शेवटची परीक्षा नुकतीच संपलेली. त्याच्या मोबाइलमध्ये एक लेटर होतं आणि डोक्यात एकच प्रश्न: वाट बघायची की अंबडची नोकरी धरायची?

लेटर एका मोठ्या आयटी कंपनीचं, ऑक्टोबरात कॅम्पसमधून मिळालेलं. पॅकेज चार लाख वीस हजार. अंबडची नोकरी छोट्या ऑटोमेशन फर्ममध्ये, हातात सतरा हजार आणि सोमवारपासून या म्हणाले होते.

सागर म्हणाला, "अरे, चार वीस म्हणजे महिन्याला पस्तीस हजार. सतराशी तुलना तरी होते का? थांब की."

केतकीने मोबाइल मागून घेतला आणि लेटर सावकाश वाचलं. मग म्हणाली, "सागर, ही ऑफर नाहीये. वर काय लिहिलंय बघ, लेटर ऑफ इंटेंट. म्हणजे आम्हाला तुला घ्यायचंय, एवढंच. नेमणूकपत्र वेगळं येईल. आणि जॉइनिंगपुढे लिहिलंय, जुलै ते मार्च यादरम्यान, व्यवसायाच्या गरजेनुसार. या एका ओळीत सगळं आलं. उद्या त्यांना प्रोजेक्ट मिळाला नाही तर ही तारीख कितीही पुढे सरकते आणि त्यांनी शब्द मोडला असंही होत नाही."

प्रणव म्हणाला, "पण ताई, एवढी मोठी कंपनी फिरवेल का शब्द?"

हे मला मनापासून सांगायचं होतं, कारण माझं स्वतःचं जॉइनिंग अकरा महिने लांबलं होतं. दर महिन्याला मी एचआरला मेल करायचो आणि दर महिन्याला तेच तीन ओळींचं उत्तर यायचं. मी प्रणवला म्हटलं, कंपनी मोठी आहे यावर जाऊ नकोस. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने साडेसहा लाखांच्या ऑफरवर थांबलेल्या फ्रेशर्सना विचारलं की साडेतीन लाखांवर येता का. इन्फोसिसने २०२२ मध्ये निवडलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांना दोन वर्षं थांबावं लागलं, २०२४ मध्ये घेतलं. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हैसूरच्या कॅम्पसमधून तीनशेहून जास्त ट्रेनींना जावं लागलं, कारण अंतर्गत परीक्षेत तीन प्रयत्नांत ते पास झाले नव्हते. कंपनीचं म्हणणं होतं की ही अट करारातच होती. म्हणजे लेटर आणि नोकरी यांच्यामध्ये तीन दारं आहेत: जॉइनिंग, ट्रेनिंग, परीक्षा. तू अजून पहिल्या दाराबाहेर आहेस.

सागर अडून बसला. "ठीक आहे, उशीर होईल. पण पैसा? शेवटी तिकडेच जास्त ना?"

मग टपरीवाल्याकडून बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा घेतला आणि केतकीने त्यावर हिशेब मांडला. चार लाख वीस हजारांतून व्हेरिएबलचे, म्हणजे कामगिरीवर मिळणारे तीस हजार बाजूला, कारण ट्रेनिंग संपेपर्यंत ते नाहीतच आणि नंतरही हमी नाही. कंपनीच्या वाट्याचा पीएफ महिन्याला अठराशे, म्हणजे वर्षाला एकवीस हजार सहाशे, तोही पॅकेजमध्येच धरलेला. ग्रॅच्युइटी आणि विम्याचे मिळून चौदा हजार. उरले तीन लाख चोपन्न हजार चारशे, म्हणजे महिन्याला साडेएकोणतीस. त्यातून स्वतःचा पीएफ अठराशे आणि व्यवसाय कर दोनशे गेला की हातात साडेसत्तावीस हजार.

"आणि तेही ट्रेनिंगनंतर," ती म्हणाली. "पहिले सहा महिने स्टायपेंड पंधरा हजार. हे लेटरच्या तिसऱ्या पानावर आहे, पहिल्यावर नाही."

आता चोवीस महिन्यांचं चित्र. समजा जॉइनिंग जानेवारीत झालं. पहिले सहा महिने शून्य, पुढचे सहा महिने पंधरा हजारांनी नव्वद हजार, मग बारा महिने साडेसत्तावीसने तीन लाख तीस हजार. एकूण चार लाख वीस हजार. जो आकडा प्रणवच्या घरी वर्षाचा म्हणून सांगितला गेला होता, तो दोन वर्षांचा निघाला. ही नोकरी पुण्यात, म्हणून त्यातून तिथली खोली, मेस आणि प्रवास मिळून महिन्याला दहा हजार, अठरा महिन्यांचे एक लाख ऐंशी हजार. उरले दोन लाख चाळीस हजार. अंबडचे सतरा हजार चोवीस महिने म्हणजे चार लाख आठ हजार, राहणं-जेवण घरी.

सागर पुठ्ठ्याकडे बघत राहिला. मग मीच उलट बाजू घेतली, कारण एवढ्यावर निर्णय घेणं चुकीचं ठरलं असतं. म्हटलं, वेळेवर जुलैत घेतलं तर त्याच दोन वर्षांत हातात पाच लाख पंच्याऐंशी हजार येतात आणि पुण्याचा खर्च जाऊन तीन लाख पंचेचाळीस उरतात. म्हणजे सहा महिन्यांच्या उशिराची किंमत एक लाख पाच हजार. शिवाय तिसऱ्या वर्षी सॉफ्टवेअरचा अनुभव घेऊन बाहेर पडला तर पगार ज्या वेगाने वाढतो तो अंबडच्या छोट्या फर्ममध्ये बहुधा वाढणार नाही. ऑफर वाईट नाही. तिचं सगळं मोल तारखेवर आहे, आणि तारीखच नाही.

खरी भीती मला वेगळीच होती. पैशांपेक्षा ती महत्त्वाची आहे आणि घरी कोणी बोलत नाही. फ्रेशरच्या बहुतेक जाहिरातींत पासआउट वर्ष लिहिलेलं असतं: याच वर्षीची बॅच, फार तर मागची एक. प्रणव वर्षभर थांबला आणि पुढच्या उन्हाळ्यात मेल आला की क्षमस्व, तर नोकरी तर गेलीच, शिवाय फ्रेशर म्हणून अर्ज करायची दारंही बंद व्हायला लागतात. अनुभव नाही म्हणून अनुभवींच्या जागा नाहीत, बॅच जुनी म्हणून फ्रेशरच्या नाहीत. माझ्या वर्गातल्या एका मुलाचं अगदी असंच झालं. त्याने थांबण्यात काढलेलं वर्ष नंतर प्रत्येक मुलाखतीत विचारलं गेलं.

"मग कळणार कसं, की हे जाणार आहे?" प्रणवने विचारलं.

केतकीने सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितोय. आधी मागच्या बॅचच्या सीनियर्सना फोन कर. त्याच कंपनीचं लेटर तुझ्या कॉलेजातल्या किती जणांना होतं, किती जण आत गेले, कोणत्या महिन्यात, आणि ट्रेनिंगच्या परीक्षेत किती गळले. तुझ्या कॉलेजातले चार खरे आकडे इंटरनेटवरच्या शंभर मतांपेक्षा उपयोगी. मग मेल वाचायची सवय लाव. कागदपत्रं पुन्हा अपलोड करा, एकदा ठीक. पुन्हा एक ऑनलाइन टेस्ट द्या, मग भूमिका बदलली, मग तुम्हाला अजून इच्छा आहे का ते कळवा: असे मेल एकामागून एक यायला लागले की समजायचं, तिकडे यादी कमी करायचं काम चालू आहे.

बाँडचा विषय सागरने काढला. दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दीड लाख भरायचे. "बाँड कोर्टात टिकत नाहीत, सही कर बिनधास्त," तो म्हणाला.

हे मी खोडून काढलं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची अट आणि दोन लाखांची रक्कम योग्य ठरवली. ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्च वगैरे कारणं त्यात होती, त्यामुळे प्रत्येक खासगी बाँड तसाच टिकेल असं नाही. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार वाजवी भरपाईच मागता येते. पण टिकतच नाही म्हणून सही करणं धोक्याचं. प्रणवच्या लेटरमध्ये ही दोन वर्षं ट्रेनिंग संपल्यापासून मोजली होती, म्हणजे प्रत्यक्षात अडीच. आणि परीक्षेत नापास झाल्यामुळे काढलं तर पैसे मागणार की नाही, याबद्दल एक शब्द नव्हता. तो प्रश्न मेलवर विचारायचा आणि उत्तर मेलवरच घ्यायचं, असं ठरलं. मूळ मार्कशीट जमा करून घेतात का, हेही त्याच मेलमध्ये.

शेवटी मुद्दा अंबडवर आला. सागरचं म्हणणं, "आत्ता तिकडे लाग, आणि लेटरचं मालकाला सांगूच नको. जॉइनिंग आलं की निघून जा."

केतकी चिडली. "आणि रिलीव्हिंग लेटर कोण देईल? अंबडला पीएफ कापला की याचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर तयार होतो. मोठी कंपनी पडताळणीत तो नंबर टाकते आणि आधीची नोकरी समोर येते. सांगितली असेल आणि कागद असेल तर निभावतं. लपवली असेल तर तेच कारण होतं काढायला. शिवाय लेटरमध्ये फक्त फ्रेशर अशी अट आहे का, हे आधी विचार." ती प्रणवकडे वळली. "आणि माझ्या खुर्चीवरून सांगते, मालकाला खरं सांग. महिनाभराचा नोटिस पीरियड आणि जॉइनिंगचा मेल पंधरा दिवस आधी, यात अडकलास तर दोन्हीकडून जाशील."

मग एक तारीख ठरवली: ३१ डिसेंबर. तोवर तारखेसह नेमणूकपत्र आलं नाही तर लेटर गेलं असं धरायचं. डिसेंबर का, तर तोवर पुढच्या बॅचचं कॅम्पस होऊन गेलेलं असतं आणि रांगेत दोन बॅचेस उभ्या राहतात, पण प्रणव अजून चालू वर्षाचा पासआउट असतो आणि बाहेर अर्ज करू शकतो. दरम्यान अंबडला कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या पीएलसीचं आणि त्यांवर लक्ष ठेवणाऱ्या स्काडाच्या स्क्रीनचं काम शिकायला मिळेल. ते ई अँड टीसीच्या मुलाला कुठेही सांगता येतं.

प्रणवने तिथूनच फर्मच्या मालकांना फोन लावला. स्पीकर चालू नव्हता, आम्हाला एकच बाजू ऐकू येत होती. "सर, एक गोष्ट आधी सांगायची होती..." मग बराच वेळ तो फक्त "हो सर" म्हणत राहिला. टपरीवाल्याने ग्लास उचलून नेले.

फोन ठेवून तो म्हणाला, "चालेल म्हणाले. नोटिस पंधरा दिवसांची करतो, पण ते मेलवर मागितलंय. आणि सोमवारी नऊ नाही, साडेआठला या, जेवणाचा डबा आणा."