घनाची रोटेशनं 8 नाहीत, 24 आहेत

"घनाला कोपरे 8. एक कोपरा जागेवर राहिला की घन हलूच शकत नाही. म्हणून कोपरा जाऊ शकतो त्या 8 जागा म्हणजेच 8 रोटेशनं. 8 गुणिले 3 करून 24 आणतात ती जुळवाजुळव आहे, कोपऱ्यांऐवजी कडा घेतल्या की उत्तर बदलतं."

नांदेड-लातूरकडं बीएस्सीच्या पोरांच्या ग्रुपात हे फिरायलंय, म्हणून एकेक मुद्दा घेतो. रोटेशन म्हणजे घन फिरवून परत त्याच जागेत बसवणं.

आधी ते 'हलूच शकत नाही'. सापशिडीचा फासा घ्या, 1, 2, 3 जिथं भेटतात तो कोपरा एका बोटाखाली आणि बरोबर समोरचा 4, 5, 6 वाला दुसऱ्या बोटाखाली धरा आन् फिरवा. 120 अंशाला 1 च्या जागी 2 किंवा 3 येतो, 240 ला उरलेला येतो, आणि कोपरा तिथंच. न फिरवणं धरून अशी 3 रोटेशनं झाली, जास्त होत नाहीत कारण त्या कोपऱ्याला कडा तीनच आहेत आणि एक कडा कुठं गेली ते ठरलं की सगळा घन ठरतो. कोपरा जागेवर ठेवणारी ही 3 रोटेशनं म्हणजे त्या कोपऱ्याचा स्टॅबिलायझर. लोक फक्त बाजूंच्या मधून जाणारे अक्ष बघतात, कर्ण विसरतात, गडबड तिथंच होते.

आता 8 जागा. कोपऱ्याची ऑर्बिट, म्हणजे तो जाऊ शकतो त्या सगळ्या जागा, 8 ची आहे हे बरोबर, पण एका जागी पोचायला एकच रोटेशन असतं असं कुणी सांगितलं? समजा 1 वर, 2 समोर, 3 उजवीकडं आहे आणि आपला कोपरा वर-समोर-डावीकडं न्यायचाय. उभ्या अक्षाभोवती पाव फेरा दिला की पोचला, वर 1 च राहिला. पण आधी कोपऱ्यावर 120 फिरवून मग तोच पाव फेरा दिला तरी कोपरा तिथंच जातो, फक्त वरचा आकडा बदलतो, 240 ला तिसरा येतो. चौथं रोटेशन का नाही? कारण तिथं नेणारं कोणतंही रोटेशन घ्या, त्यावर पाव फेरा उलटा दिला की कोपरा परत घरी येतो, म्हणजे जे उरलं ते स्टॅबिलायझरमधल्या तिघांपैकीच एक. प्रत्येक जागेला हेच लागू, म्हणून सगळ्या रोटेशनांचा गट G म्हटला तर त्यातली संख्या |G| = 8 × 3 = 24. ऑर्बिट-स्टॅबिलायझर प्रमेय एवढंच सांगतं, आणि मला त्यातला हा 'उलटा फेरा' सगळ्यात आवडतो, जुळवाजुळव कुठंच नाही.

कडांचं म्हणाल तर कडा 12, आणि कडा जागेवर ठेवणारी रोटेशनं 2, एक न फिरवणं आणि दुसरा तिच्या मध्यातून अर्धा फेरा, तो तिची टोकं अदलाबदल करतो पण कडा तीच राहते. 12 × 2 = 24. बाजू 6, प्रत्येकीवर 4 फेरे, तेही 24.

उत्तर बदलतं ते गट बदलला की. फक्त उभ्या अक्षाभोवतीचे फेरे घेतले तर वरचा कोपरा वरच्या 4 जागांतच फिरतो, स्टॅबिलायझर 1, गट 4 चा. आरशातली उलटापालट धरली तर कोपरा जागेवर ठेवणाऱ्या हालचाली 6 होतात आणि गट 48 चा होतो.