‘मी’ मोजून दोषी सापडत नाही

व्हॉट्सॲपवर फिरणारा दावा: “भांडणाचं चॅट उघडा आणि शब्द मोजा. ज्याचे ‘मी’ जास्त, चूक त्याची. ‘तू-तू’ करतो तो आरोप करणारा. ‘आपण’ म्हणतो त्याला भांडण मिटवायचं असतं. परदेशातल्या संशोधनात हे सिद्ध झालं आहे.”

माझ्या दोन भावांचं चॅट त्यांनीच मला वाचायला दिलं, म्हणून हे लिहिते आहे. मोठा यवतमाळ जिल्ह्यात शेती करतो, धाकटा पुण्यात नोकरीला आहे. शेत सामाईक. मृगाच्या सरी पडल्या तेव्हा दादानं लिहिलं, “ढग भरून राहिले. आपण पेरून टाकू.” धाकट्याचं उत्तर, “हो, टाकू.” पुढे पावसानं दडी मारली, सोयाबीन उगवलंच नाही आणि दुबार पेरणी आली. पेरणीआधी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्यावा, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आधी संशोधनाचं बघू. २००५ साली ‘सायकॉलॉजिकल सायन्स’मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या जोडप्यांचा एक अभ्यास आला होता. ज्या बोलण्यात ‘तू’ जास्त, तिथे कटुता जास्त, आणि ‘आपण’ असेल तिथे तोडगे बरे निघतात, असा संबंध त्यात दिसला. चूक कोणाची, हा त्या अभ्यासाचा प्रश्नच नव्हता. शिवाय इंग्रजीत कर्ता सहसा गाळता येत नाही. मराठीत सहज गाळतो.

नेमकं तेच इथे झालं. धाकट्यानं लिहिलं, “पाऊस होऊ द्यायचा असतो ना? ऐकलं नाही.” या मेसेजात ‘तू’ शोधला तर सापडणार नाही. पुस्तकी मराठीत ‘ऐकलं नाहीस’ असा ‘स’ तरी लागतो. आपल्याकडे बोलताना तो बहुतेकदा गळतो. मग ‘ऐकलं नाही’ हे मी, तू, तो, कोणाबद्दलही असू शकतं. रिकाम्या जागी नाव वाचणारा भरतो, आणि ज्याला बोच लागलेली असते तो स्वतःचंच भरतो. धाकटा मला म्हणाला, “ताई, मी आपल्या दोघांबद्दल लिहिलं होतं.” दादानं ते स्वतःवर घेतलं.

दादाचं उत्तर असं: “मी एकट्यानं ठरवलं काय? मी तुले विचारलं. मी फोटो टाकले. मी रात्री फोन केला.” चार वाक्यांत चार ‘मी’. त्या फॉरवर्डच्या हिशेबानं दादा गुन्हेगार ठरला. पण वरचा मेसेज आणि हा मेसेज जोडून वाचा. एरवी हाच माणूस ‘पेरू’, ‘टाकू’, ‘बघू’ असंच लिहितो. कालपर्यंत जे ‘आपण’ होतं, ते एका रात्रीत तुटून ‘मी’ झालं. किती वेळा यापेक्षा कशानंतर आणि नेहमीपेक्षा वेगळं आहे का, हे बघावं लागतं. त्यातूनही एवढंच कळतं की दादाला दोष आपल्यावर येतोय असं वाटलं. तो दोषी आहे का, हे सर्वनाम सांगत नाही.

‘आपण’बद्दल तर मला जास्तच बोलायचं आहे. हा शब्द ऐकणाऱ्याला सोबत घेतो, ‘आम्ही’ त्याला बाहेर ठेवतो; इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे. पण ‘आपण नाही कोणाले भेत’ म्हणणारा एकट्या स्वतःबद्दल बोलतो, आणि परक्याला ‘आपण बसा’ म्हणतो तेव्हा तोच शब्द समोरच्याचा होतो. आणि सोबत घेणारा ‘आपण’ही दर वेळी गोड नसतो. दादानं पुढे लिहिलं, “आपणच ठरवलं होतं.” यावर धाकटा उसळला: “मी फक्त हो म्हटलं.” म्हणजे आता दोषाचा वाटा आपल्या अंगावर येतोय, असं त्याला वाटलं. त्या दुपारी दोघांनाही आपल्यालाच धरलं जातंय असं वाटत होतं, फक्त वेगवेगळ्या ओळींवर.

सगळ्यात मोठी चीर मात्र पुढच्या दोन मेसेजांत पडली. धाकटा: “तुम्ही गावातले ऐकत नाही.” दादा: “आम्ही इथं मरून राहिलो, तुम्ही पुण्यात बसून शिकवा.” धाकटा दादाला जन्मभर ‘तू’ म्हणत आला आहे; इथला ‘तुम्ही’ मानाचा नव्हे, अनेकवचनी आहे. एका पेरणीवरचं भांडण गाव आणि पुणे असं झालं. वहिनीनं एक शब्द लिहिला नव्हता, तरी ‘आम्ही’त तीही ओढली गेली. मी चॅट वाचते तेव्हा ‘मी’पेक्षा या जागी थांबते, कारण इथून पुढे सहा मेसेज कोणीच पावसाबद्दल बोललं नाही.

आणि चॅट म्हणजे पूर्ण भांडणही नसतं. यात रात्री साडेनऊला अकरा मिनिटांचा एक फोन दिसतो. त्यात काय बोलणं झालं ते लिहिलेलं नाही. त्यानंतरचा पहिला मेसेज दादाचा: “बियाणं पाहून राहिलो. आपल्याले अजून दोन बॅगा लागतील.” या ‘आपल्याले’मध्ये पुणं धरलं होतं का, ते त्या शब्दावरून ठरवता आलं नसतं. खाली धाकट्याचं उत्तर आहे: “पैसे टाकले. पाऊस मोजून सांग, मग पेरू.”