टाय झाली? मग आरशात बघा की!

समजा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तुमचा टॉवेलचा कारखाना आहे, क्वालिटी सुपरवायझर पाहिजे, आणि गाळून गाळून शेवटी दोघंच उरले, दोघांनाही ५० पैकी ४१. टेन्शन घेऊ नका, जो जास्त तुमच्यासारखा दिसतो त्याला घ्या.

काही अतिशहाणे मुलाखतीच्या आधीच कागदावर लिहून ठेवतात की मार्क सारखे पडले तर आधी कामाच्या टेस्टचे मार्क बघायचे, तिथंही सारखेच तर आपल्या टीममध्ये जे नाही ते कुणाकडं आहे ते बघायचं, आणि तरी सुटलं नाही तर सरळ चिठ्ठी टाकायची. असला कागद चुकूनही करू नका, एकदा लिहिलं की नंतर मनासारखं फिरवता येत नाही ना ओ.

आता हा पोरगा बघा. तुमच्याच शाळेचा, दोघांना मारणारे मास्तरही एकच, शेंगा चटणीवर तुमच्यासारखंच दही घेतो. त्याच्याशी चाळीस मिनिटं गप्पा झाल्या, तोंडी मुलाखतीत ३० पैकी २७. टेस्टमध्ये २० पैकी १४, पण टेस्ट काय, होतच असतं. दुसऱ्या उमेदवार बाईंना मात्र पंधरा मिनिटांत वेगळेच प्रश्न विचारून २३ दिले आणि टेस्टमध्ये त्यांनी १८ काढले, म्हणजे एकूण सारखेच की! तुम्ही आधी मोठ्यानं म्हणालात "पोरगा भारी आहे", मग धाकट्या भावानं आणि अकाउंटंटनंही तेच लिहिलं. प्रत्येकानं आपापले मार्क आधी गुपचूप लिहायचे असतात म्हणे, पण मग एकमत कसं होणार?

टेस्टचं एवढं मनावर घेऊ नका. ७० बाय १४० सेंटिमीटरचा, ४५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅमचा, टॉवेल दिला होता. बाईंनी हिशोब केला, ०.९८ चौरस मीटर म्हणजे वजन ४४१ ग्रॅमच्या आसपास पाहिजे, काट्यावर ४१८ भरतंय, लॉट थांबवा. पोरगा म्हणाला, "हाताला मऊ लागतोय, सर." किती आपुलकीनं बोलला! शिवाय बाई लूमवरच्या लोकांशी तेलुगूत बोलतात, जे तुमच्या ऑफिसात एकालाही जमत नाही, म्हणजे त्या काय बोलतात ते तुम्हाला कळणार नाही, हा मोठाच धोका.

कुणी विचारलंच तर म्हणा, "तो आपल्यात फिट बसतो." फिट बसतो म्हणजे कामात नेमकं काय करतो, हे पुढं कुणी विचारलं तर चहा मागवा.

बाई समोरच्या शेडमध्ये लागल्या म्हणे. लागू द्या. तुमचा लॉट वजनात कमी म्हणून परत आलाय, नव्या सुपरवायझरनं हात फिरवून बघितलं आणि तुम्हीही बघितलं, दोघांनाही मऊच लागतोय.